दूध, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व: वाढत्या वयातली उंची सोडा, शेवटची उंची कुणी मोजली आहे का?

कढीलिंब (नाशिक)

मुलगा साडेदहा वर्षांचा आहे. घरात दुधावरून रोज रात्री नाट्यप्रयोग होतो. सासूबाई कप घेऊन मागे आणि हा डायनिंग टेबलाभोवती पुढे. त्यात यंदा शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोत हा पहिल्या रांगेत बसलेला दिसला आणि घरात एकदम आणीबाणी जाहीर झाली. दिरांनी उंचीची पावडर आणून दिली, डब्यावर शिडी चढणाऱ्या मुलाचं चित्र. नणंदेने सांगितलं, ‘ड’ जीवनसत्त्व तपास, सगळ्या मुलांचं कमीच निघतं.

मी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करते. २ ऑक्टोबरला १३४.६ सेंमी होता, ५ जानेवारीला १३४.९. तीन महिन्यांत तीन मिलिमीटर! मलाही धडकी भरली हे खरं. नवरा १६८, मी १५५.

पण माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. ‘दुधाने मुलांची उंची वाढते’ असं सगळीकडे वाचते. पण ती मोजलेली असते सहा महिन्यांनी, वर्षाने, फार तर दोन वर्षांनी. तीच मुलं पंचविशीची झाल्यावर कुणी पुन्हा मोजली का? तेव्हाही फरक उरतो का?

---

गोठेवाला (मिरज)

ताई, एवढा विचार कशाला? आमच्या घरी बारा म्हशी. आम्ही तिघे भाऊ निरसं धारोष्ण पिऊन वाढलो, तिघेही पाच-दहाच्या वर. शेजारची चुलत भावंडं चहावर वाढली, पाच-पाचला थांबली. आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही, संशोधन आहे. रोज एक पेला दूध जास्त दिलं तर वर्षाला ०.४ सेंमी उंची जास्त वाढते, बऱ्याच प्रयोगांची एकत्र बेरीज करून काढलेला आकडा आहे. आता करा हिशोब. पाचव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत दहा वर्षं, म्हणजे ४ सेंमी. दीड इंच झाला की.

---

पेठकर

गोठेवाले, मी काळ्या म्हशीचं दूध मॅट्रिकपर्यंत सकाळ-संध्याकाळ प्यायलोय. उंची पाच फूट तीन इंच. माझे दीड इंच कुणाकडे मागू?

(वडील पाच-दोन होते. तेही दूध प्यायचे.)

---

अनुस्वार

कढीलिंबताई, तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण नेमक्या याच ठिकाणी बहुतेक लोक गफलत करतात. मी पोषणाच्या अभ्यासांच्या आकडेमोडीत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोठेवाल्यांचा ०.४ चा आकडा खरा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणातला आहे, त्यात भारत, चीन, केनिया, इंडोनेशिया अशा ठिकाणचे प्रयोग होते. पेला म्हणजे साधारण २४५ मिली. चूक आहे ती पुढच्या गुणाकारात. त्यातले प्रयोग काही महिने ते दोन वर्षं चाललेले. ‘वर्षाला ०.४’ याला दहाने गुणायचं तर दहाही वर्षं तोच वेग टिकतो आणि मूल जेव्हा थांबायचं तेव्हाच थांबतं, असं गृहीत धरावं लागतं. दुसरं गृहीतक तर सरळ धोक्याचं आहे.

का, ते गांबियातल्या एका प्रयोगाने दाखवलं. पश्चिम आफ्रिकेतला छोटा देश. तिथल्या केनेबा आणि आजूबाजूच्या गावांत इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं केंद्र आहे. तिथल्या मुलांना आहारातून दिवसाला जेमतेम ३०० मिग्रॅ कॅल्शियम मिळतं, दूध जवळपास नाहीच. म्हणजे कॅल्शियमने उंची वाढत असेल तर ती तिथे दिसायलाच हवी, अशी जागा. ८ ते १२ वर्षांची १६० मुलं घेतली, ८० मुलगे, ८० मुली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी. निम्म्यांना आठवड्याचे पाच दिवस १००० मिग्रॅ कॅल्शियम, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. एक वर्ष. कुणाला काय मिळतंय ते मुलांनाही ठाऊक नाही आणि मोजणाऱ्यांनाही नाही.

वर्षाच्या शेवटी हाडांतलं खनिज वाढलेलं दिसलं. बहुतेक प्रयोग इथे संपतात. या लोकांनी मात्र त्या मुलांचा पिच्छा सोडला नाही, ती मोठी होईपर्यंत मोजत राहिले.

साडेपंधरा वर्षांचे झाले तेव्हा कॅल्शियमवाले मुलगे बाकीच्यांपेक्षा सरासरी २.१ सेंमी उंच होते. तेव्हा कुणी फोटो काढला असता तर गोठेवाल्यांनी तो फ्रेम करून गोठ्यात लावला असता. पण हेच मुलगे साडेतेवीस वर्षांचे झाल्यावर मोजले, तर कॅल्शियमवाले ३.५ सेंमी बुटके निघाले.

मुलींमध्ये काहीच फरक नव्हता, ना मधे ना शेवटी.

---

कढीलिंब

थांबा थांबा. बुटके? टायपो आहे का?

---

अनुस्वार

टायपो नाही. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा रकाने उलटे छापलेत की काय म्हणून पुन्हा पाहिलं होतं.

झालं असं की त्या मुलग्यांची उंचीची जोरदार उसळी सुमारे सात महिने लवकर आली. वयात येताना मुलगा झपाट्याने वाढतो तो काळ. उसळी लवकर आली म्हणून पंधराव्या वर्षी ते पुढे दिसले. पण उसळी लवकर सुरू झाली की लवकर संपतेही. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चेची चकती असते, ती वयात येण्याच्या संप्रेरकांनी भरून हाड होऊन जाते. एकदा भरली की विषय संपला. कॅल्शियम न मिळालेले मुलगे सावकाश वाढत राहिले आणि मागून येऊन पुढे गेले.

माझा ढोबळ हिशोब: वयात येण्याआधी मूल वर्षाला ५ सेंमीच्या आसपास वाढतं. त्या संथ वाढीचे सात महिने कमी मिळाले तर तीनेक सेंमी गेले. मोजलेल्या ३.५ च्या जवळ येतं. हा माझा अंदाज, पुरावा म्हणून घेऊ नका.

---

गोठेवाला

हे तुम्ही सांगितलं म्हणून एक बोलतो. कालवडीला खुराक जास्त टाकला की ती लवकर माजावर येते. अंग नीट भरायच्या आत लवकर भरवली तर पहिल्या वेतानंतर ती अंगाने लहानच राहते, कायमची. माझे वडील म्हणायचे, घाई केलेली कालवड म्हातारपणापर्यंत कालवडच. माणसाचं तसंच असेल असं काही मी म्हणत नाही. पण तुमची गोष्ट ऐकून तीच आठवली.

दुधाचं मात्र मी सोडत नाही. गोळी वेगळी, दूध वेगळं.

---

अनुस्वार

गोठेवालेदादा, कालवडीत गाभण राहण्याचा भारही असतो, त्यामुळे उदाहरण पूर्ण जुळत नाही. पण ‘लवकर सुरू, लवकर बंद’ हा धागा तोच आहे.

आणि गोळी वेगळी, दूध वेगळं, यात तुमचं पूर्ण बरोबर. कॅल्शियमच्या नुसत्या गोळ्या दिलेल्या मुलांचे प्रयोग एकत्र केले तर उंचीवर परिणाम दिसत नाही. दूध दिलेल्यांत थोडा दिसतो. म्हणजे दुधाचं जे काही काम आहे ते बहुधा कॅल्शियमचं नाहीच. कोपनहेगनमध्ये आठ वर्षांच्या मुलग्यांना सात दिवस रोज दीड लिटर दूध दिलं आणि दुसऱ्या गटाला साधारण तेवढ्याच प्रथिनांचं मांस दिलं. दूधवाल्यांच्या रक्तात आयजीएफ-१ नावाचा वाढीचा घटक १९ टक्क्यांनी वाढला, मांसवाल्यांचा नाही. दूध मुळात वासरू वाढवायला असतं, तेव्हा त्यात वाढीचा निरोप असावा यात नवल नाही. पण तो निरोप जास्त वाढ असा आहे की लवकर वाढ असा, ते सात दिवसांत कळत नाही.

---

खारीबिस्कीट (ठाणे)

सगळं वाचलं नाही, घाईत आहे. माझी मुलगी ९ वर्षांची. ‘ड’ जीवनसत्त्व ११ आलं. डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पाकिटं दिलीत. उंचीसाठी चांगली असतात ना? दोन आठवडे रोज एक दुधातून देतेय. हल्ली तिचं पोट साफ होत नाही आणि जेवायला कुरकुर करते, त्यावर काही घरगुती सांगा.

---

शेवंता

खारीबिस्कीट, पाकिटं आत्ता बंद करा आणि चिठ्ठी काढून बघा. साठ हजारचं पाकीट जवळजवळ नेहमी आठवड्याला एक असतं, तेही ठरावीक आठवडे. रोज एक दिलं असेल तर दोन आठवड्यांत आठ लाखांच्या वर गेलं. बद्धकोष्ठ, भूक न लागणं, मळमळ, खूप तहान आणि सारखी लघवी ही रक्तातलं कॅल्शियम वाढल्याची लक्षणं असू शकतात. घरगुती काही नको. आजच डॉक्टरांना फोन करून रोज दिल्याचं स्पष्ट सांगा, ते रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगतील. तोवर कॅल्शियमची गोळी किंवा पावडर चालू असेल तर तीही बंद.

मी मुलांच्या वाढीच्या ओपीडीत परिचारिका आहे. हे दर दोन-तीन महिन्यांनी एकदा तरी बघते, म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं. रागावू नका.

---

खारीबिस्कीट

चिठ्ठीवर ‘आठ. १’ लिहिलंय. मला वाटलं आठ दिवस रोज एक, आणि नंतर दुकानात पुन्हा मागितली तर त्यांनी दिली. निघतेय.

---

नॉर्डझी (रॉटरडॅम)

इथून एक बातमी. डच लोक जगात सगळ्यात उंच, आणि दूध-चीज पाण्यासारखं खातात, त्यामुळे सगळे दोन्हीची गाठ मारतात. पण २०२१ मध्ये इथल्या सांख्यिकी कार्यालयाने सांगितलं की २००१ साली जन्मलेले मुलगे एकोणिसाव्या वर्षी सरासरी १८२.९ सेंमी आहेत. १९८० साली जन्मलेल्यांची पिढी १८३.९ होती. मुली १७०.७ वरून १६९.३. काही भाग बाहेरून आलेल्या लोकांमुळे, पण ज्यांचे आजी-आजोबाही इथलेच अशा घरांतही वाढ थांबलेली दिसते. चीज काही बंद झालेलं नाही, माझ्या ऑफिसात दुपारी पावात चीज सोडून दुसरं काही मिळत नाही.

---

पेठकर

म्हणजे चीजला छत लागलं.

---

कढीलिंब

खारीबिस्कीट, कळवा हं, काळजी वाटते.

अनुस्वार, मग ‘ड’ जीवनसत्त्वाचं काय? नणंद म्हणते तसं सगळ्यांचंच कमी असतं, तर ते भरून काढल्यावर उंची वाढायला हवी ना? निदान कमी असलेल्यांची तरी.

---

अनुस्वार

मलाही तसंच वाटायचं. मंगोलियाच्या प्रयोगानंतर मत बदललं.

उलानबातरमधली ६ ते १३ वर्षांची ८,८५१ शाळकरी मुलं. तिथला हिवाळा कसला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सुरुवातीला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांचं ‘ड’ २० च्या खाली, म्हणजे कमी. निम्म्यांना आठवड्याला १४,००० युनिट, म्हणजे दिवसाला २,०००, सलग तीन वर्षं. मूळ हेतू क्षयरोगाचा संसर्ग टळतो का हे पाहण्याचा होता, तो टळला नाही. पण मुलं मोजलेली होतीच, म्हणून वाढही पाहिली. शेवटी औषधवाल्या गटात ‘ड’ ३१ आणि दुसऱ्यात १०.७. म्हणजे औषध पोटात गेलं, रक्तात चढलं, यात शंका नाही. उंचीत फरक नाही. वयात येण्याच्या वेळेतही नाही.

आपल्याकडचं उदाहरण दिल्लीचं आहे. कमी वजनाच्या, पण दिवस पूर्ण भरलेल्या दोन हजारांवर बाळांना पहिले सहा महिने दर आठवड्याला १,४०० युनिट दिले. सहा महिन्यांनी औषधवाली बाळं किंचित लांब होती, तेवढ्यावर आनंद झाला. तीच मुलं ३ ते ६ वर्षांची झाल्यावर त्यांतली काही पुन्हा मोजली, तर तो फरक उरलेला नव्हता.

ताई, पुन्हा तुमचाच प्रश्न: मोजलं कधी?

---

शेवंता

अनुस्वार यांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडते, नाहीतर कुणीतरी वाचून ‘ड’चं औषध मधेच सोडायचं.

मुडदूस हा अपवाद आहे. रक्ताच्या कागदावर ‘ड’ १४ येणं वेगळं आणि मुडदूस वेगळा. मुडदुसात मनगटं रुंद होतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. वाकलेल्या पायांनी उंची कमी भरते आणि वाढीची चकतीही नीट काम करत नाही. अशा मुलाला उपचार दिले की पाय बऱ्याच अंशी सरळ होतात आणि उंचीही सुधारते. नायजेरियात तर ऊन भरपूर असूनही नुसत्या कॅल्शियमच्या तुटवड्याने मुडदूस झालेली मुलं सापडली, आणि ती कॅल्शियमने बरी झाली. तेव्हा खूप कमी असणाऱ्याला देणं म्हणजे खड्डा बुजवणं. सपाट जमिनीवर माती टाकली म्हणून डोंगर होत नाही.

आता कढीलिंबताईंची चौकट. तीन महिन्यांत तीन मिलिमीटर, यावर माझा विश्वास नाही. ऑक्टोबरचं माप सकाळचं होतं का? जानेवारीचं कधीचं? माणूस सकाळी उठल्यावर उंच असतो, दिवसभर उभं-बसून मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत एक सेंमीपर्यंत सहज उतरतो. डोक्यावर काय ठेवलं होतं?

---

कढीलिंब

ऑक्टोबरचं सकाळी, गांधी जयंतीची सुट्टी होती. जानेवारीचं रात्री जेवणानंतर, दुधाच्या भांडणानंतर खरं तर. डोक्यावर गणिताची वही. ती वाकते. 🙈

---

शेवंता

मग झालंच. असं करा: रविवारी सकाळी उठल्यावर, अनवाणी, टाचा-पार्श्वभाग-पाठ भिंतीला. खाली पट्टी असलेली भिंत नको, टाचा पुढे येतात. नजर समोर, म्हणजे डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. डोक्यावर वही नाही, काटकोनी काहीतरी, जाड पुठ्ठ्याचा खोका चालेल, आणि केस दाबायचे. तीनदा मोजा, प्रत्येक वेळी त्याला बाजूला चालवून आणा. आणि दोन मापांत सहा महिने तरी जाऊ द्या. तीन महिन्यांची खरी वाढच सव्वा सेंमी, त्यात मोजण्याची चूक सेंमीभर, मग तुम्ही मोजता काय, मुलगा की वही?

---

अनुस्वार

शेवंताताई, तुम्ही वहीचं काढलंत म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो.

१९३० साली स्कॉटलंडच्या लॅनार्कशर परगण्यात दुधाचा प्रचंड मोठा प्रयोग झाला. ६७ शाळा, वीस हजार मुलं. पाच हजारांना रोज पाऊण पाइंट कच्चं दूध, पाच हजारांना पाश्चराइज्ड, दहा हजारांना काही नाही. फेब्रुवारीत मोजली, जूनमध्ये पुन्हा मोजली. निष्कर्ष जाहीर: दुधाने वजन-उंची वाढते.

पुढच्या वर्षी गॉसेट यांनी त्याची चिरफाड केली. हे गिनेस दारूभट्टीत काम करायचे आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहायचे. सुरुवातीचे आकडे पाहिले तर दूध न मिळालेली मुलं आधीपासूनच मोठी होती, उंचीत जणू चार महिन्यांची वाढ पुढे. का? विभागणी असमतोल वाटली तर शिक्षकांनी मुलं बदलावीत अशी मुभा होती. समोर एक खंगलेलं पोर आणि एक खातंपितं. दूध कुणाला दिलं जाईल? शिक्षकाचा हात मायेने हलला आणि प्रयोग बिघडला. त्यात मुलं कपड्यांसकट वजन केली होती, फेब्रुवारीत लोकरीचे, जूनमध्ये पातळ. गरीब पोराच्या अंगावर हिवाळ्यातही फारसं नव्हतं, म्हणून त्याचं वजन कपड्यांमुळे कमी घटलं. आणि तीच पोरं दुधाच्या गटात जास्त. गॉसेट म्हणाले, वीस हजारांपेक्षा अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांच्या पन्नास जोड्या घ्या, एकाला कच्चं दूध द्या, दुसऱ्याला पाश्चराइज्ड, जास्त कळेल.

हे सांगण्याचं कारण, गोठेवालेदादांच्या चुलत भावंडांची तुलना मला त्याच जातीची वाटते. ज्या घरी बारा म्हशी त्या घरी डाळ, अंडी, औषधपाणी, कमी आजारपण हेही जास्त. दूध हे त्या घराचं एक चिन्ह.

---

गोठेवाला

चुलत्याची जमीन नदीत गेली होती २००५ च्या पुरात, हे मी लिहायचं राहिलं. पण ती पोरं तेव्हा मोठीच होती. त्याआधीही खायची मारामारच असायची त्यांच्याकडे. मान्य.

---

मोगरी_७

मग खाण्याने शेवटची उंची बदलतच नाही, असं म्हणायचंय का सगळ्यांना? आजोबांपेक्षा आपण उंच कसे मग?

---

अनुस्वार

बदलते, पण खिडकी लहान असते आणि ती शाळेच्या आधीची असते, असं माझं मत. हैदराबादजवळच्या २९ गावांत १९८७ ते ९० दरम्यान काही गावांत गरोदर बायकांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना रोज मका-सोयाचा उपमा दिला गेला, दूध नाही. ती मुलं १३ ते १८ वर्षांची झाल्यावर मोजली तेव्हा उपम्याच्या गावांतली सरासरी १४ मिलिमीटर उंच होती. गावोगावचा एवढा कार्यक्रम आणि वट्ट दीड सेंमीच्या आत. आणि हीसुद्धा अगदी शेवटची उंची नव्हे, मुलगे अजून वाढायचे होते.

आजोबांची पिढी आणि आपली, यात जुलाब, गोवर, जंत सगळंच बदललं. त्यातून दुधाचा वाटा वेगळा काढायला गॉसेटचे जुळे लागतील.

---

शेवंता

खिडकी लहान असते हे मला पूर्ण पटत नाही. ओपीडीत सीलिअकची मुलं येतात, गहू बंद केला की नऊ-दहाव्या वर्षीही भराभर वाढतात. थायरॉइडचीही तसंच. पण ते आजाराचं झालं, धडधाकट मुलाचं नाही, हेही खरं.

गांबियाच्या आकड्याबद्दलही एक. ४०-४० मुलगे म्हणजे फार नाहीत. मी तो वाचून कुणाच्या मुलाचं कॅल्शियम बंद करणार नाही.

---

अनुस्वार

नकाच करू. मीही तो ‘कॅल्शियमने बुटके होतात’ असा वाचत नाही. एकच प्रयोग, लहान संख्या, आणि मुलींत काहीच नाही याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. तो मला एवढंच शिकवतो की दहाव्या-पंधराव्या वर्षी पुढे असणं म्हणजे शेवटी पुढे असणं नव्हे.

---

कढीलिंब

रविवारी सकाळी मोजला. खोका बुटांचा. तीन मापं: १३५.८, १३५.६, १३५.९. म्हणजे ऑक्टोबरपासून सव्वा सेंमीच्या आसपास. तीन मिलिमीटरची सगळी भीती एका वहीची होती.

आई-वडिलांवरून काढतात तो हिशोबही केला. मुलासाठी १६८ + १५५ + १३, भागिले दोन, १६८. नवऱ्याएवढाच. त्याच्या दोन्ही बाजूंना आठेक सेंमी धरायचे म्हणे, म्हणजे १६० ते १७६. एवढ्या मोठ्या दारातून कुणीही जाईल.

आहारही लिहून काढला. एक कप दूध (भांडणानंतर), वाटीभर दही, नाचणीची एक भाकरी, बाकी वरण-भाजी. कॅल्शियम अंदाजे २४० + १४० + १४० + १५० = ६७०.

---

शेवंता

आयसीएमआर १० ते १२ वयाला ८५० सांगते. अजून एक वाटी दही आणि चमचाभर तिळाची चटणी, झालं. हे हाडांसाठी, उंचीसाठी म्हणून नको. पावडरीचा डबा दिरांना परत.

वर्षाला ४ सेंमीपेक्षा कमी वाढला, किंवा वाढीच्या तक्त्यावर आपली रेष सोडून खालच्या रेषेवर घसरला, तर या दाखवायला. हाताचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, दूध विचारत नाहीत.

---

पेठकर

माझ्या हाडाचं वय आता ६१. रेष सोडून खाली चाललीय.

---

नॉर्डझी

शेवंता, एक शंका. मुलगी असेल आणि पाळी आधीच सुरू झाली असेल, तर दुधाने काही होतं का? बहिणीची मुलगी पुण्यात, १२ वर्षांची, बहीण रोज पनीर कोंबतेय.

---

शेवंता

पाळीनंतर बहुतेक मुली ५ ते ७ सेंमीच्या आसपास वाढतात आणि दोनेक वर्षांत थांबतात. उसळी पाळीच्या आधी होऊन गेलेली असते, हे आयांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पनीर खाऊ दे, हाडं भरायचं वय तेच आहे. उंचीचं वचन मात्र देऊ नका, पोरगी नंतर हिशोब मागते.

---

खारीबिस्कीट

आले. कॅल्शियम थोडं वाढलेलं निघालं, मूत्रपिंडाचे रिपोर्ट ठीक. पाणी भरपूर, उन्हातलं खेळणं आणि दूध काही दिवस कमी करायला सांगितलंय, पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त. शेवंताताई, तुमचे पाय कुठे आहेत ते सांगा.

उरलेली चार पाकिटं आहेत. मुदत जूनपर्यंत आहे, टाकवत नाहीत. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला देऊ का?

---

शेवंता

आईला तिच्या डॉक्टरांकडे न्या, पाकिटं घेऊन. आणि चिठ्ठीवर ‘आठ.’ म्हणजे काय ते दोनदा विचारा.